गिटारची घट्ट बसलेली ब्रिज पिन काढताना

पिन निघत नाही म्हणून डायरेक्ट पक्कड लावू नका, प्लास्टिकची पिन असेल तर डोकंच तुटून हातात येतं. आधी त्या पिनने धरलेली तार पूर्ण सैल करा, म्हणजे ट्युनिंग की फिरवून अगदी लोंबकळेपर्यंत. पिन अडकते ती बहुतेक वेळा तारेच्या टोकाच्या बॉलमुळे, तो पिनच्या खालच्या टोकाशी पाचर मारल्यासारखा बसलेला असतो. म्हणून सैल केलेली तार ब्रिजजवळ धरून भोकात खाली ढकला, थोडी आत सरकली की बॉल सुटला समजायचं, आणि मग पिन बऱ्याचदा बोटांनीच निघते.

तरीही हलली नाही तर वरून जोर लावू नका, साउंडहोलमधून हात आत घाला (बाकीच्या तारा पण सैल करून बाजूला सारा), बोटाने चाचपून पिनचं टोक शोधा आणि एखादं नाणं त्यावर ठेवून सरळ वर दाबा, दुसरा हात वर पिनवर ठेवा म्हणजे ती उडणार नाही. तुटलेली पिन पण अशीच निघते.

स्ट्रिंग वाइंडरची खाच वापरणार असाल तर खाली जुनं एटीएम कार्ड ठेवा, नाहीतर टॉपच्या पॉलिशवर वळ उमटतो. आणि पिन सरळ वरच ओढायची, आडवी हलवायची नाही, कारण सगळी भोकं एका ओळीत असतात आणि ब्रिज चिरला तर त्याच ओळीत चिरतो.