अ‍ॅलिबी मांडताना या चुका टाळा

‘गुन्हा घडला तेव्हा मी तिथे नव्हतोच’ हा बचाव, म्हणजेच अ‍ॅलिबी, खरा असूनही कोर्टात पडू शकतो. आरोपी दुसरीकडे होता एवढं दाखवून भागत नाही. त्या वेळी तो घटनास्थळी असूच शकत नव्हता, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे खटल्यात (१९८१) हीच कसोटी सांगितली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मारहाण रात्री साडेनऊला झाली. आरोपी म्हणतो, मी रात्रपाळीला होतो, आणि हजेरी दाखवतो: आत आठ वाजता, बाहेर सकाळी सहा. कारखाना घटनास्थळापासून बारा किलोमीटरवर, म्हणजे दुचाकीने अर्धा तास. सरकारी वकील उलटतपासणीत एवढंच विचारतील, ‘मधल्या वेळेत मागच्या गेटने बाहेर पडता येतं का?’ साक्षीदार ‘हो’ म्हणाला की हजेरीचा कागद लंगडा पडला. इथे नऊ ते दहा हा तास भरून काढणारा पुरावा हवा: मशिनवर त्याने केलेल्या कामाची वेळेनिशी नोंद, त्या तासाचं सीसीटीव्ही फुटेज, शेजारी काम करणारा सहकारी. मोबाइलच्या टॉवर लोकेशनवर फार विसंबू नका. त्यातून फोन कुठल्या परिसरात होता ते कळतं, तो कुणाच्या खिशात होता ते नाही.

दुसरी चूक उशिराची. खटल्याच्या शेवटी आरोपीचा जबाब होतो, तेव्हा पहिल्यांदा अ‍ॅलिबी काढली तर ती बनावट वाटते. शिवाय तोवर फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं असतं. म्हणून तपास चालू असतानाच पोलिसांना लेखी कळवावं आणि फुटेज, कॉल रेकॉर्ड जपून ठेवण्यासाठी वकिलामार्फत अर्ज करावा. फुटेजची प्रत देताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं राहून जातं, आणि चांगला पुरावा नुसत्या हरकतीवर अडकतो.

साक्षीदार फक्त घरचे असतील तर त्यांची साक्ष आपोआप बाद होत नाही. बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्यावा, असं याच १९८१ च्या निकालात म्हटलं आहे. पण सगळ्यांनी एकच पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तर न्यायाधीशांच्या ते लगेच लक्षात येतं.

आरोप कट रचल्याचा असेल, तर घटनेच्या वेळी दुसऱ्या शहरात असणं फारसं कामाला येत नाही. कट दुरूनही रचता येतो.

सिद्ध करण्याच्या भाराबाबतही गोंधळ असतो. आरोपी घटनास्थळी होता हे आधी सरकार पक्षानेच सिद्ध करायचं असतं. ते झालं की अ‍ॅलिबीचा भार आरोपीवर येतो, आणि तो जड असतो, असं बिनयकुमार सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटलं. मात्र अ‍ॅलिबी फसली एवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही. सरकार पक्षाच्या पुराव्यांची साखळी मुळातच तुटकी असेल, तर खोटी ठरलेली अ‍ॅलिबी ती जोडून देत नाही.