कोऑर्डिनेशन नंबर पाच आला आणि मी तो खरा मानला

हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी भरलेल्या सेमिनारमध्ये मी सांगितलं की माझ्या नमुन्यात कॉपरभोवती पाच ऑक्सिजन आहेत. नमुना म्हणजे ॲल्युमिनावर बसवलेलं जेमतेम 2 टक्के कॉपर. एक्साफ्सचा डेटा इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर घेतलेला, फिटचा आर-फॅक्टर 0.008. मागच्या रांगेतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "एन आणि सिग्मा-स्क्वेअरचं कोरिलेशन किती आहे?" मला सांगता आलं नाही. आकडा फिटच्या लॉगमध्ये अगदी खाली छापलेला होता, 0.93. मी तिथपर्यंत कधी वाचलंच नव्हतं.

अथेनात बॅकग्राउंड काढणं, नॉर्मलायझेशन, आर्टेमिसमध्ये फेफचे पाथ आणणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. फूरिए ट्रान्सफॉर्ममधलं शिखर 1.5 अँगस्ट्रॉमजवळ दिसलं तरी बंध 1.95 चा असू शकतो, कारण फेज शिफ्ट अजून वजा झालेला नसतो, हेही बहुतेकांना पहिल्या महिन्यातच कळतं. ज्यात मी अडकले ते वेगळं आहे. तेच जरा सावकाश सांगते.

दोलनांची उंची ठरवणारा भाग असा आहे: N·S₀²·exp(−2k²σ²). यात N आणि S₀² यांचा नुसता गुणाकार आहे. डेटा कितीही चांगला असला तरी फिट त्यांना वेगळं करू शकत नाही. S₀² बाहेरूनच आणावा लागतो. हे मला माहीत होतं. मला वाटायचं की σ² चं तसं नाही, तो k बरोबर बदलतो म्हणून आपोआप सुटा होईल. सुटा होतो, पण डेटा लांबवर गेला तरच.

कागदावर करून बघा. एका बाजूला N = 4, σ² = 0.004 घ्या आणि दुसऱ्या बाजूला N = 5, σ² = 0.007. दुसऱ्या जोडीत σ² 0.003 ने जास्त आहे, म्हणून k = 6 ला तिचा पाच 0.81 ने गुणला जातो आणि पुन्हा चारच उरतो. k = 3 ला ती पहिल्या जोडीपेक्षा साधारण 18 टक्के वर असते, k = 8 ला 15 टक्के खाली. माझा फ्लुओरेसन्सचा डेटा k = 9 च्या पुढे नुसता गोंगाट होता. अशा डेटात 15 टक्क्यांचा फरक सहज लपतो. k = 11 ला मात्र दुसरी जोडी 40 टक्के खाली जाते, तिथे तो लपत नाही. चार आणि पाच वेगळे दाखवणारी माहिती माझ्या स्पेक्ट्रमच्या त्या टोकाला होती आणि ते टोक माझ्याकडे नव्हतं.

याहून वाईट चूक मी आधीच केली होती. k ची खिडकी 3 ते 9 आणि R ची 1.0 ते 2.0 घेतली, तर स्वतंत्र बिंदू 2ΔkΔR/π म्हणजे 3.8 भरतात. मी चार गोष्टी मोकळ्या सोडल्या होत्या: N, R, σ² आणि E₀. आर्टेमिसने हरकत घेतली. एका सीनियरने सांगितलं, "आर ची खिडकी 2.2 पर्यंत ओढ, गप्प बसेल." ओढली. बिंदू 4.6 झाले, हरकत गेली. नमुन्याबद्दलची माहिती मात्र कणभरही वाढली नव्हती. असे कानमंत्र देणारे सीनियर मनाने चांगले असतात, मदत करायला धावतात. तरीही हा सल्ला घेऊ नका. दुसऱ्याची प्रोजेक्ट फाइल उघडून फक्त डेटा बदलणं हेही त्यातलंच, कारण त्याच्या नमुन्याचा S₀² आणि त्याची खिडकी तुमच्या नमुन्यात गुपचूप येऊन बसतात.

मग काय करायचं? आधी ज्याचं उत्तर माहीत आहे असं संयुग फिट करा. माझ्यासाठी ते CuO होतं: चार ऑक्सिजन सुमारे 1.95 अँगस्ट्रॉमवर.

```
# CuO
set   n    = 4
guess amp  = 0.85
guess enot = 0
guess delr = 0
guess ss   = 0.004
```

इथे मिळालेला `amp` नमुन्याच्या फिटमध्ये `set` करायचा आणि `n` ला `guess`. खिडकी आणि k चं वजन दोन्हीकडे तेच ठेवायचं. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: CuO ट्रान्समिशनमध्येच मोजा, बारीक कुटून, बोरॉन नायट्राइडमध्ये मिसळून, सारख्या जाडीची पेलेट करून. दाट CuO फ्लुओरेसन्समध्ये मोजलं तर स्वशोषणाने दोलनं दबतात, `amp` खोटा लहान येतो आणि मग नमुन्याचा N तितकाच फुगतो.

त्यानंतर शिडी चढा. σ² ला 0.003 वर अडकवा, N किती येतो ते लिहा, मग 0.004, 0.005 असं 0.008 पर्यंत. माझ्या वहीत ते पान अजून आहे. N 3.7 पासून 5.3 पर्यंत सरकत गेला आणि आर-फॅक्टर 0.008 ते 0.011 मध्येच राहिला. म्हणजे माझा डेटा यातल्या कुठल्याही आकड्याला हो म्हणायला तयार होता. सेमिनारमध्ये सांगितलेला पाच हा त्या शिडीवरचा एक टप्पा होता, एवढंच.

त्या रात्री वाटलं की सगळा बीमटाइम वाया गेला. तसं नव्हतं. त्याच पानावर शेजारच्या रकान्यात R होता आणि तो शिडीभर 1.94 वरून हलला नव्हता. अंतर दोलनांच्या लयीतून येतं, उंचीतून नाही. N डळमळीत असला म्हणून बंधाची लांबी टाकून देऊ नका.

R ची जोडी E₀ शी असते. E₀ 3 इलेक्ट्रॉन-व्होल्टने चुकला तर k = 6 च्या आसपास R ला साधारण 0.02 अँगस्ट्रॉमचा धक्का बसतो, कमी k ला त्याहून कितीतरी मोठा. म्हणून प्रत्येक स्कॅनसोबत कॉपर फॉइल मोजा, तिचा पहिला इन्फ्लेक्शन 8979 वर जुळवा आणि नमुन्याचा `enot` CuO च्या `enot` पासून एक-दोन व्होल्टांपेक्षा लांब गेला तर थांबा. मग k चं वजन 1, 2 आणि 3 घेऊन तीन वेगळे फिट करा. R तिन्हीत तोच आला तर निर्धास्त राहा. वजनाबरोबर सरकत गेला तर E₀ तरी चुकलाय किंवा मॉडेल तरी.

पुढच्या फेरीत मी नमुने कमी केले. सहाऐवजी दोनच नेले आणि एकेकाचे खूप स्कॅन घेऊन एकत्र केले. डेटा k = 11 पर्यंत वापरता आला. N 4.2 ± 0.6 आला, कोरिलेशन 0.8 च्या खाली उतरलं, R तोच 1.94 ± 0.01. या त्रुटीत पाचला पूर्ण बाद करता येत नाही आणि प्रबंधातही मी तसंच लिहिलंय. चारच्या बाजूने बोलतो तो एजच्या चढावरचा खांदा. CuO मध्ये तो जिथे दिसतो तिथेच माझ्या नमुन्यातही आहे, थोडा बसका. म्हणून ती दोन चित्रं मी आता फिटच्या तक्त्याच्या आधी लावली आहेत.