बचत गटाच्या ताईंची ओळख करून द्यायची आहे? आधी वह्या उघडा

ग्रामसंघाच्या बैठकीला शेजारच्या गावच्या गटाच्या अध्यक्ष येणार असतात आणि ओळख करून द्यायचं काम ऐन वेळी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. मग "कर्तृत्ववान, मनमिळाऊ, चूल-मूल सांभाळून पुढे आलेल्या" असं ठरलेलं बोलून माईक पुढे जातो. समोरच्या बायकांना त्यातून काही कळत नाही. बचत-कर्जाच्या बैठकीत त्यांना जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की या बाईने पैशाचा कोणता पेच सोडवला आणि कसा.

त्यासाठी दोन दिवस आधी ताईंना फोन करून तीन वह्या मागा: इतिवृत्त वही, बचत-कर्जाची खतावणी आणि रोकड वही. मिळाल्या नाहीत तर गटाच्या सचिवाला आकडे वाचून दाखवायला सांगा. ताईंना थेट "तुमचं यश सांगा" म्हटलं तर त्या "सगळ्यांनी मिळून केलं" म्हणतील आणि गोष्ट तिथेच संपेल. त्यापेक्षा "पेरणीच्या वेळी सगळ्या एकदम कर्ज मागतात, तेव्हा तुम्ही काय करता?" असं विचारा. उत्तरात काम आपोआप बाहेर येतं. वह्यांतून पडताळायचं ते तेवढंच.

उदाहरण घेऊ. समजा, गटात 11 जणी आहेत, महिन्याला प्रत्येकी 100 रुपये बचत आणि गटाला 5 वर्षं झाली. 11 गुणिले 100 गुणिले 60 महिने, म्हणजे बचत 66 हजार. खतावणीत मात्र आजवर वाटलेल्या कर्जाची बेरीज 3 लाख 40 हजार निघते. यात खोटं काही नाही, तोच पैसा परत येऊन पुन्हा फिरलेला असतो. पण ओळख करून देणारी "गटाने 3 लाख 40 हजार बचत केली" म्हणाली, की पुढच्या रांगेतली हिशोबी बाई मनात गुणाकार करते आणि पुढचं काही खरं मानत नाही. "बचत" आणि "वाटलेलं कर्ज" हे दोन शब्द वेगळेच ठेवा. तसंच बँकेच्या कर्जाला "गटाला मिळालेले पैसे" म्हणू नका. ते अनुदान आहे असं ऐकणाऱ्यांना वाटतं आणि हप्त्याच्या वेळी भांडणं होतात.

आता एकच काम निवडा. आपल्या उदाहरणात ते असं: जूनमध्ये सात जणींनी बियाण्या-खतासाठी कर्ज मागितलं, हातात 42 हजार होते. ताईंनी प्रत्येकीला 6 हजार द्यायचा ठराव मांडला. सोयाबीन विकेपर्यंत दरमहा फक्त व्याज, शेकडा 2 रुपयांनी 120 रुपये, आणि मुद्दल नोव्हेंबरात. आधीच्या वर्षी जुलैपासूनच मुद्दलाचा हप्ता लावला होता, आणि शेतात पीक उभं असताना घरात पैसा नसतो, म्हणून हप्ते थकले होते. या दोन वर्षांतला फरक खतावणीत दिसला पाहिजे. दिसला नाही तर ते बोलू नका.

कुणाचे हप्ते थकले होते, ती नावं मात्र घेऊ नका, "अमक्या वॉर्डातल्या" असंही नाही. गावात तेवढ्यावरून ओळख पटते. जे सांगणार आहात ते ताईंना आधी वाचून दाखवा.

बोलणं दोन मिनिटांत आटपावं. हजेरी आणि मागचं इतिवृत्त वाचून झाल्यावर, कर्जमागणीचा विषय निघायच्या आधी. साधारण असं:

"बायांनो, मागच्या खरिपात यांच्या गटात सात जणींना एकदम पैसे पाहिजे होते. पेटीत होते 42 हजार. कुणाला देऊ, कुणाला नको, हा पेच होता. ताईंनी सगळ्यांना सहा-सहा हजार द्यायचा ठराव मांडला आणि मुद्दल सोयाबीन विकल्यावर घेतलं. डिसेंबरच्या बैठकीपर्यंत साती जणींची मुद्दल जमा झाली, वहीत नोंद आहे. ठराव सगळ्या गटाचा, पण हप्ता पिकाकडे पाहून लावा, हे सुचवलं ताईंनी. या आपल्या…"

इथे नाव, गाव आणि पद. नाव शेवटी आलं की बाया कान टवकारून ऐकतात. पद नेमकं सांगा. गटाची अध्यक्ष, सीआरपी आणि बँक सखी ही तीन वेगळी कामं आहेत. अमक्यांच्या सूनबाई, तमक्या सरपंचांच्या पत्नी हे सांगायची गरज नाही.

एखादा आकडा ताईंनी तिथेच दुरुस्त केला तर "बरोबर, ताई" म्हणून मान्य करा, वाद घालू नका. आणि मागून कुणी विचारलं, "मंग ज्याईचं सोयाबीन पाण्यानं गेलं, त्याईचं काय केलं?" तर उत्तर तुम्ही देऊ नका. माईक ताईंच्या हातात द्या आणि खाली बसा.