नोकरदार मुलींसाठी हातमाग साडीचा ब्रँड कसा उभा करावा: वचन, किंमत आणि फोटो

पुण्यात हातमागाच्या साडीचा नवा ब्रँड काढायचा म्हटलं की चर्चा नाव आणि लोगोवरून सुरू होते. ती दोन्ही कामं शेवटी ठेवली तरी चालतात. आधी एका कागदावर एक वाक्य लिहा: ही साडी घेणाऱ्या मुलीला आपण नक्की काय कबूल करतोय? किंमत आणि फोटो हे दोन्ही त्या वाक्यातून निघतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक ब्रँड धरू. गिऱ्हाईक पंचवीस ते बत्तीस वर्षांची, खराडी किंवा हिंजवडीत नोकरी करणारी, आठवड्यातून एखाद्या दिवशी साडी नेसून ऑफिसला जाणारी. साडी म्हणजे इरकल, कारण ती पुण्यातल्या घरांत आधीपासून ओळखीची आहे. मूळ गाव कर्नाटकातलं इळकल, बागलकोट जिल्ह्यातलं.

पहिली पायरी: तपासता येईल असं वचन लिहा

‘परंपरेला आधुनिक स्पर्श’ हे वचन नाही, कारण ते मोडलं तरी कुणाला कळणार नाही. आपलं वाक्य असं ठेवू: ‘घरच्या बादलीत धुवा. तीन धुण्यांनंतर जशी दिसते, तशीच आम्ही फोटोत दाखवतो.’

हे लिहिल्याबरोबर पहिली अडचण समोर येते. पारंपरिक इरकलीचं अंग सुती असलं, तरी काठ आणि टोप पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, तोही बऱ्याचदा गडद लाल. सूत आणि रेशीम धुण्यात सारखं वागत नाही, आणि लाल रंग कच्चा असेल तर पहिल्याच धुण्यात अंगावर उतरतो. म्हणजे एक तर काठ-पदरही सुतीच विणून घ्यायचे, नाही तर बादलीचं वचन सोडायचं. मी पहिला मार्ग घेईन. पदराची रेशमी चमक थोडी जाईल, पण ड्रायक्लीनच्या भीतीने कपाटात पडून राहणारी साडी ऑफिसची साडी होत नाही.

मागणी देण्याआधी नमुन्याची साडी स्वतः धुऊन बघा. पांढरा रुमाल ओला करून काठावर दहा-बारा वेळा चोळा. रुमालावर रंग आला तर तो रंग परत पाठवा. ‘पहिल्या वेळी मिठाच्या पाण्यात भिजवा’ ही सूचना छापून सुटका करून घेऊ नका. मग साडीची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा, तीनदा साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. साडेपाच मीटरची साडी तीन टक्के आटली, तर सोळा-सतरा सेंटिमीटर जातात. निऱ्या किंवा पदर तेवढा तोकडा पडतो आणि उंच मुलीला ते लगेच जाणवतं. तेव्हा विणतानाच तेवढी जास्त लांबी मागा. फॉलचंही तसंच. तो न भिजवता लावला तर धुतल्यावर साडीपेक्षा जास्त आटतो आणि खालची कड चुण्या पडून वर ओढली जाते. घरोघरी आई-मावश्या फॉल रात्रभर पाण्यात भिजत का घालतात, त्याचं कारण हेच.

वचनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ‘हातमाग’ हा शब्द. यंत्रमागावरची इरकल बाजारात भरपूर आहे आणि नुसत्या नजरेने फसायला होतं. म्हणून जिथे माल विणला जातो तिथे स्वतः जा, माग बघा, आणि हँडलूम मार्कचं लेबल घ्या. ही योजना 2006 पासून आहे आणि वस्त्र समितीमार्फत चालते.

दुसरी पायरी: किंमत मजुरीपासून वर चढवा

लक्ष्मी रोडवर कोण कितीला विकतं ते बघून किंमत ठरवली, तर तुलना यंत्रमागाशी होते आणि कात्री विणकराच्या मजुरीला लागते. उलट बाजूने हिशेब करा. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे विणकराशी बसून भरा.

समजा सूत आणि रंगाईला 600 रुपये. उभ्या धाग्यांचा ताणा तयार करणं आणि आडव्या धाग्याच्या कांड्या भरणं यासाठी 250. हे काम बहुतेकदा घरातल्या बायका करतात आणि हिशेबातून तेच पहिलं गळतं, म्हणून ते वेगळं लिहा. विणायला दोन दिवस, रोजचे 650 प्रमाणे 1,300. साडी तुमच्या हातात पडेपर्यंत 2,150 झाले. फॉल-पिको आणि इस्त्री 150, खोका व कुरिअर 130. फोटोंचा खर्च, धुऊन बघितलेला नमुना आणि परत येणाऱ्या साड्या यांचा वाटा 220. एकूण 2,650.

विक्रीची किंमत 3,500 ठेवली, तर त्यातला 5 टक्के जीएसटी वजा जाता साधारण 3,333 उरतात. म्हणजे साडीमागे 683 रुपये, आणि त्यातूनच जाहिरात, भाडं, पगार. आता हीच साडी 35 टक्के कमिशनवर दुकानात ठेवली, तर कुरिअर वाचूनही साडीमागे साडेतीनशे रुपये पदरचे जातात. दिवाळीला 20 टक्के सूट दिली, तर हातात सोळा-सतरा रुपये राहतात. थोडक्यात, या किमतीला फक्त थेट विक्री परवडते, आणि सेल नाही. दुकानांत जायचं असेल तर किंमत पाच हजारांच्या आसपास न्यावी लागेल. मग मुलगी ती साडी ऑफिससाठी घेईल की लग्नाकार्यासाठी, हा प्रश्न येतो. दुसऱ्या गटात गेलात की बादलीचं वचन कुणाला फारसं नको असतं.

खर्च कमी करायची एक सरळ जागा आहे. टोप पदराच्या पारंपरिक इरकलीत पदराचा ताणा प्रत्येक साडीला वेगळा जोडावा लागतो, पण पदरही अंगाच्याच ताण्यावर विणला तर एका ताण्यावर अनेक साड्या निघतात. ताण्याचा रंग तोच ठेवून फक्त आडवा बाणा बदलला, तर काळ्या ताण्यावर डाळिंबी, मोरपंखी, राखाडी अशा वेगवेगळ्या छटा मिळतात आणि ताणा पुन्हा चढवावा लागत नाही.

तिसरी पायरी: फोटो धुतलेल्या साडीचेच

नव्या सुती साडीला खळ असते, त्यामुळे निऱ्या फोटोत सुरेख उभ्या राहतात. दोन धुण्यांत खळ जाते, साडी मऊ पडते आणि ‘फोटोत वेगळीच होती’ ही तक्रार सुरू होते. म्हणून तीनदा धुतलेला तो नमुनाच नेसवा.

नथ, पितळी समई, वाड्याचा दरवाजा हे सगळं वगळा. ते सुंदर असतं, पण त्यातून साडी सणाची वाटते. त्याऐवजी मेट्रोत उभी असलेली मुलगी, स्कूटरवर पदर नीट खोचून पिन लावलेली, आणि संध्याकाळी सहाला खुर्चीवरून उठतानाची मागची बाजू. चुरगळलेली दिसली तर दिसू द्या. सुती साडी आठ तासांनी चुरगळणारच. पाच फूट आणि साडेपाच फूट, अशा दोन उंचीच्या मुली घ्या.

रंगासाठी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ, ऊन थेट न येणाऱ्या जागी फोटो काढा आणि चौकटीच्या कडेला एक पांढरा कागद ठेवा. फोटो दुरुस्त करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंतच रंग हलवायचा, पुढे नाही. डाळिंबीचा राणी होतो तो याच टप्प्यावर. शिवाय एक फोटो साडी खिडकीसमोर धरून काढा, म्हणजे कापड किती पारदर्शक आहे ते कळतं. ऑफिसला नेसणारीला परकराचा रंग ठरवायला तोच लागतो, आणि विक्रीच्या पानांवर तोच सहसा सापडत नाही.

विणकराचा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारा, मोबदला द्या, आणि साडीसोबत त्यांचं नाव जायला हवं का हेही त्यांनाच ठरवू द्या.