केळीच्या बागेतला चर: पाणी किती वेगाने जाईल, हे पावसाआधीच काढा

मृगाचा पाऊस पडण्याआधी रावेर, यावल, चोपड्याकडे मृगबागेसाठी शेतं तयार होतात आणि त्याबरोबर चरही निघतात. चर किती रुंद आणि किती खोल ठेवायचा, हे बहुतेक ठिकाणी सवयीने ठरतं. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी हळू मुरतं, आणि साचलेल्या पाण्यात केळीची मुळं लवकर कुजायला लागतात. म्हणून चरातून पाणी किती वेगाने जाईल याचा हिशेब आधीच मांडावा. त्यासाठी टेप, पाण्याची पारदर्शक नळी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये मांडलेल्या कामातून आलेलं सूत्र यासाठी जगभर वापरतात:

V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)

V म्हणजे मीटर प्रति सेकंदातला सरासरी वेग. S म्हणजे उतार, 100 मीटरला 20 सेंटिमीटर असेल तर 0.002. R काढायला पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ घ्या आणि पाण्याला टेकलेल्या तळाच्या व दोन्ही बाजूंच्या लांबीने भागा. n हा खडबडीतपणाचा आकडा आहे. नुकत्याच साफ केलेल्या मातीच्या चराला 0.025 आणि हराळी-लव्हाळ्याने भरलेल्याला 0.05 धरा. गवत फारच दाट झालं तर तो आणखी वाढतो.

आता एक चर घेऊ. तळ 30 सेंटिमीटर, पाण्याची खोली 30 सेंटिमीटर आणि बाजू एकास एक तिरप्या. काळ्या मातीत बाजू उभ्या ठेवल्या तर पहिल्या जोरदार पावसात त्या ढासळतात, म्हणून एवढा तिरपेपणा हवाच. छेद 0.18 चौरस मीटर येतो, पाणी टेकलेली लांबी 1.15 मीटर, म्हणजे R साधारण 0.157. R चा वर्ग करून त्याचं घनमूळ काढलं की 0.29 मिळतं. 0.002 चं वर्गमूळ 0.0447. दोन्हींचा गुणाकार 0.013. त्याला 0.025 ने भागलं की वेग 0.52 मीटर प्रति सेकंद. छेदाने गुणलं की हा चर सेकंदाला सुमारे 94 लिटर पाणी वाहून नेतो.

हे पुरेसं आहे का? एक हेक्टर भारी जमिनीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यातलं 60 टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला 83 लिटर येतात. साफ चराला हे पेलतं. पण श्रावणापर्यंत त्याच चरात गवत माजलं की n दुप्पट, वेग निम्मा आणि क्षमता 47 लिटर. चर तोच राहतो, पाणी मात्र बागेत शिरतं.

यावर बरेच जण चर रुंद करतात. माझं मत खोली वाढवण्याकडे आहे. तळ 30 च ठेवून पाण्याची खोली 40 केली, तर गवत असतानाही तो 84 लिटर नेतो. खोली न वाढवता तेवढंच पाणी न्यायचं तर तळ 65 सेंटिमीटर करावा लागतो, आणि तेवढी जागा बागेतून जाते. पाण्याच्या वर 10 सेंटिमीटर काठ मोकळा राहील असा चर खोदा.

वेग जास्त असणं म्हणजे चांगलंच असं नाही. मोकळ्या मातीत तो 0.6 च्या आसपास राहू द्या, त्यापुढे तळ खरवडायला लागतो. सातपुड्याच्या पायथ्याकडे 100 मीटरला एक मीटर उतार सहज मिळतो. पहिलाच चर तिथे असता तर वेग 1.16 झाला असता. अशा ठिकाणी चराचा तळ सपाट टप्प्यांत घ्या आणि प्रत्येक पायरीवर दगड बसवा. उलट, वेग 0.3 च्या खाली गेला की गाळ बसत जातो.

उतार डोळ्याने धरू नका. नळीत पाणी भरून ती चराच्या दोन टोकांना उभी धरा, दोन्हीकडे पाण्यापासून चराच्या तळापर्यंतची उंची मोजा. दोन्हींतला फरक भागिले अंतर म्हणजे उतार. नळी लांब नसेल तर टप्प्याटप्प्याने मोजा.

पाऊस सुरू झाला की हिशेब पडताळा. सरळ 20 मीटरच्या भागात केळीच्या वाळक्या सोपटाचा तुकडा सोडा. पृष्ठभागावरचं पाणी सरासरीपेक्षा वेगाने जातं, म्हणून आलेल्या वेगाला 0.8 ने गुणा. चर भरलेला असताना 31 सेकंद लागले तर तो हिशेबाप्रमाणे चाललाय. 60 सेकंद लागले तर सरासरी वेग 0.27 आणि n जवळपास 0.05 झालाय, म्हणजे गवत काढायची वेळ आली.

एका ठिकाणी हे सूत्र चालत नाही. चर ज्या नाल्यात सुटतो, त्या नाल्याचं पाणी चराच्या तोंडापेक्षा वर चढलं, तर पाणी मागे तुंबतं. तिथे चर कितीही साफ केला तरी तुकडा हलत नाही. आधी नाल्यातला गाळ आणि झुडपं काढा, किंवा चराचं तोंड नाल्याच्या खालच्या अंगाला न्या. चर खोल करण्याआधीसुद्धा हेच तपासा, कारण तळ नाल्याच्या पाण्याखाली गेला तर वाढवलेली खोली काहीच कामाला येत नाही.