लोखंडाचा खिळा कशात जास्त झिजतो? पाणी, मीठ, तेल आणि व्हिनेगर

आठवीचा हा प्रकल्प दिसायला अगदी सोपा आहे. चार ग्लास, चार द्रव, खिळे टाका आणि आठवडाभर बघा. पण माझ्या भाचीने पहिल्यांदा केला तेव्हा चार दिवस नळाच्या पाण्यातल्या खिळ्यांवर काहीच दिसेना. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले होते. जस्त आधी झिजते आणि तोवर लोखंड सुरक्षित राहते, त्यामुळे गंज येणार कुठून? म्हणून सुरुवात खिळ्यांपासून करू.

हार्डवेअरच्या दुकानात साधे, मुलामा नसलेले दोन इंची खिळे मागा. घरी आल्यावर एक खिळा व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. लगेच जोरात बुडबुडे सुटले आणि थोड्या वेळाने चकाकी जाऊन खिळा काळपट झाला, तर तो मुलाम्याचा आहे. साध्या लोखंडावर बुडबुडे येतात, पण बारीक आणि सावकाश. स्टेनलेस स्टीलचा खिळा तर मुळीच घेऊ नका.

वीस खिळे लागतील, प्रत्येक ग्लासात पाच. एकच खिळा ठेवला तर आठवड्यात त्याचे वजन इतके थोडे बदलते की काट्यावर कळत नाही. कारखान्यातून येताना खिळ्यांवर तेलाचा पातळ थर असतो, तो भांड्यांच्या साबणाने धुवून काढा. मग पॉलिश पेपरने सगळे खिळे सारखेच घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच वजन करा. सोन्याचांदीच्या वजनासाठी मिळतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा. पाच खिळ्यांचे एकत्र वजन वहीत लिहा आणि तो गट शेवटपर्यंत एकत्रच ठेवा.

आता ग्लास भरू. चारही एकसारखे घ्या आणि प्रत्येकात 100 मिलिलिटर द्रव ओता. पहिल्यात नळाचे पाणी. दुसऱ्यात त्याच नळाचे पाणी आणि 3 ग्रॅम मीठ. बोअरवेलच्या जड पाण्यातले चुनखडीचे क्षार खिळ्यावर थर धरून गंज मंदावू शकतात, म्हणून दोन्हीकडे पाणी एकच असायला हवे. तिसऱ्यात खोबरेल सोडून कोणतेही खाद्यतेल घ्या, कारण खोबरेल थंडीत गोठते. चौथ्यात पांढरे व्हिनेगर. बाटलीवर आम्लाचे प्रमाण छापलेले असते, तेही वहीत उतरवून घ्या.

मिठाचे माप पाळा. मुलांना वाटते की मीठ जितके जास्त, तितका गंज जास्त, म्हणून चमच्यावर चमचे टाकले जातात. खरे तर साधारण तीन टक्क्यांच्या आसपास गंजण्याचा वेग सर्वात जास्त असतो. त्यापुढे पाणी खारट होत जाते तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होत जातो आणि गंज उलट मंदावतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, म्हणजे आपला ग्लास जवळजवळ कोकणकिनाऱ्याचे पाणीच आहे.

खिळे पूर्ण बुडालेले असू द्या. टोक बाहेर राहिले तर पाणी आणि हवेच्या सीमेवर वेगळ्याच वेगाने गंज चढतो आणि तुलना बिघडते. ग्लासांवर कागद सैल झाका. झाकण घट्ट लावू नका, कारण व्हिनेगरच्या ग्लासात हायड्रोजन वायू तयार होतो. तो थोडासाच असतो, पण त्याला बाहेर पडायला वाट हवी, शिवाय जवळ काडी किंवा मेणबत्ती पेटवू नका. चारही ग्लास एकाच जागी, सावलीत ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी फोटो काढा.

नळाच्या पाण्यात काही तासांतच नारिंगी डाग दिसू लागतात. मिठाच्या पाण्यातला ग्लास मात्र नीट बघायला हवा. तिथे खिळा कधीकधी नळाच्या पाण्यातल्या खिळ्यापेक्षा स्वच्छ दिसतो आणि मुले लिहून टाकतात, ‘मिठात गंज कमी’. नजर ग्लासच्या तळाकडे न्या. तिथे तपकिरी गाळ साचलेला असतो. गंजताना खिळ्याच्या एका भागातून लोह पाण्यात उतरते आणि दुसऱ्या भागावर ऑक्सिजन आणि पाणी मिळून अभिक्रिया पूर्ण करतात. मिठामुळे पाण्यातून विद्युतप्रभार सहज वाहतो, म्हणून हे दोन भाग एकमेकांपासून दूर असले तरी काम चालते. मग गंज खिळ्याला चिकटून न बसता मधल्या पाण्यात तयार होतो आणि खाली बसतो.

तेलात आठवडाभर काही होत नाही. याचे कारण ‘तेलात हवा नसते’ असे लिहिले जाते, ते चूक आहे. तेलातही ऑक्सिजन विरघळतो. तिथे नसते ते पाणी. याची खात्री करायची असेल तर एक जादा खिळा पाण्यात बुडवून ओलाच तेलात टाका. थेंब जिथे अडकला असेल तिथे तपकिरी ठिपका उमटू शकतो.

व्हिनेगरमधला खिळा सर्वात जास्त फसवतो. तो गंजलेला दिसत नाही, करडा-काळा दिसतो. पण तो वाचलेला नाही, विरघळतो आहे:

Fe + 2CH₃COOH → Fe(CH₃COO)₂ + H₂

इथे लोखंड खाते ते ॲसेटिक आम्ल, आणि गंज बनला तरी आम्ल तो विरघळवत राहते. द्रव हळूहळू पिवळसर आणि मग लालसर तपकिरी होतो, ते त्यात उतरलेल्या लोहामुळे. म्हणून अहवालात ‘गंजणे’ आणि ‘झिजणे’ असे दोन वेगळे रकाने करा.

झिजणे मोजायचे ते वजनाने. सातव्या दिवशी खिळे काढा, पण तसेच काट्यावर ठेवू नका. चिकटलेल्या गंजात लोखंडाबरोबर हवेतला ऑक्सिजन आणि पाणीही असते, त्यामुळे वजन वाढलेले दिसू शकते. वाहत्या पाण्याखाली स्क्रबरने गंज काढा, लगेच पुसून कोरडे करा आणि मग वजन घ्या. तेलातले खिळे साबणाने धुवा आणि त्यांनाही तितकेच घासा. हे खिळे गंजलेले नसतात, म्हणून त्यांच्या वजनात जो फरक येईल तो तुमच्या घासण्याचा आणि काट्याचा.

उदाहरणासाठी आकडे धरू. मिठातले पाच खिळे 15.90 ग्रॅमचे 15.84 झाले, म्हणजे 0.06 ग्रॅम घट. तेलातले 16.10 चे 16.09 झाले, घट 0.01. मग मिठामुळे झालेली खरी घट साधारण 0.05 ग्रॅम धरायची. नळाचे पाणी आणि मीठ यांच्यातला फरक 0.01 ग्रॅमच आला, तर त्यावरून एक जास्त गंजला असे म्हणता येणार नाही. तेव्हा ग्लास पुन्हा भरून आणखी एक आठवडा ठेवा.

सगळे झाल्यावर व्हिनेगरमधला एक खिळा पुन्हा त्याच व्हिनेगरमध्ये बुडवून काढा आणि या वेळी न धुता, न पुसता बशीत ठेवून द्या. आम्लाने उघडा पडलेला त्याचा पृष्ठभाग आता ओलसर आणि हवेत आहे. आठवडाभर ज्यावर गंज दिसला नाही, तोच खिळा थोड्याच वेळात नारिंगी पडू लागतो. दर दहा मिनिटांनी त्याचा फोटो काढा आणि तक्त्याच्या शेवटी लावा.