शाळेची आचारसंहिता लिहिताना: उशिरा येण्याचा नियम

‘उशिरा येणाऱ्यास वर्गाबाहेर उभे केले जाईल’ हे वाक्य अनेक शाळांच्या नियमावलीत असतं. त्यात कारण नाही, अपेक्षा नाही, थेट शिक्षा आहे. शिवाय मुलाचा तास बुडतो तो वेगळाच.

तोच नियम असा लिहून बघा: ‘प्रार्थनेच्या घंटेआधी आपण वर्गात असतो, कारण पहिल्या तासाची सुरुवात चुकली की पुढचं समजत नाही आणि मध्येच दार उघडलं की इतरांचंही लक्ष उडतं.’ काय करायचं आणि का, दोन्ही एकाच वाक्यात आलं.

आता पायऱ्या. पहिल्यांदा उशीर झाला तर मुलाला आत बसवा आणि तासानंतर वर्गशिक्षकांनी एकट्याला कारण विचारावं. एसटीच उशिरा येत असेल तर तो मुलाचा दोष नाही. त्याला सवलत द्या आणि ती लेखी नोंदवा, म्हणजे दुसरे शिक्षक त्याला पुन्हा हटकणार नाहीत. कारण नसताना महिन्यात तिसऱ्यांदा झालं तर डायरीत पालकांना चिठ्ठी, त्यानंतर पालकांसोबत भेट. प्रत्येक पायरीवर मुलाचं म्हणणं आधी ऐकायचं, आणि नव्या सत्रात पाटी कोरी.

शेवटच्या पायरीवर ‘नाव काढून टाकू’ असं मात्र लिहू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांनाही त्यात बंदी आहे.